लाटेवरच्या दोन बिंदूंमधलं कलांतर कसं काढायचं

गेल्या आठवड्यात आमच्या नौपाड्यातल्या शिकवणीत अकरावीतल्या एका मुलीने वही पुढे सरकवली. उत्तर लिहिलं होतं ४.५π आणि शेजारी पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह. "सर, सूत्रात आकडे घातले, हे आलं. पण मागे उत्तर π/२ दिलंय. पुस्तक चुकलं की मी?"

कोणीच चुकलं नव्हतं. पण ४.५π चं π/२ कसं झालं हे तिला सांगता येत नव्हतं, आणि या धड्यात बहुतेक मुलं नेमकी इथेच अडकतात. सूत्र एका ओळीचं आहे:

Δφ = 2π × Δx / λ

यात Δx म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर, λ म्हणजे तरंगलांबी आणि Δφ म्हणजे कलांतर. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. आत काय घालायचं आणि बाहेर आलेल्या आकड्याचं काय करायचं, खरं काम तिथे आहे. तिचंच गणित घेऊन पुढे जाऊ.

गणित असं: एका लांब दोरीवरून साइन आकाराचा तरंग उजवीकडे चालला आहे. तरंगलांबी ४० सेमी. दोरीच्या डाव्या टोकापासून १५ सेमीवर क हा बिंदू आहे आणि १.०५ मीटरवर ख. दोघांमधलं कलांतर किती?

आधी 'कला' म्हणजे काय

हा शब्द आपल्याला पुस्तकाच्या आधी कालनिर्णयवर भेटलेला असतो. शुद्ध अष्टमीचा चंद्र आठवा आणि वद्य अष्टमीचा आठवा. दोन्ही दिवशी जवळजवळ अर्धाच उजळलेला असतो. तरी दोन्ही एकच आहेत असं आपण म्हणत नाही, कारण एक वाढतोय आणि दुसरा घटतोय. चंद्र चक्रात कुठे पोचलाय हे नुसतं 'किती उजळलाय' यावरून कळत नाही, कुठल्या दिशेने चाललाय तेही लागतं. या दोन्ही गोष्टी एका आकड्यात मावतात तो आकडा म्हणजे कला.

पंचांग हा आकडा अंशांतच मोजतं. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी झाली. ३० तिथ्यांचे ३६० अंश. शुद्ध अष्टमीच्या मध्यावर हा कोन ९० अंश असतो, वद्य अष्टमीच्या मध्यावर २७०. म्हणजे दोन्ही अष्टम्यांमधलं कलांतर १८० अंश. उजळलेला भाग सारखा, कला मात्र बरोबर उलट.

दोरीवरच्या बिंदूचंही तसंच. तो मधल्या रेषेवर असेल, पण वर चाललाय की खाली? शिखराच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन बिंदू एकाच उंचीवर असू शकतात, आणि त्यातला एक चढत असतो, दुसरा उतरत असतो. वहीत आकृती काढून 'दोन्ही सारख्याच उंचीवर, म्हणून कलांतर शून्य' असं लिहिणारी मुलं दरवर्षी भेटतात. उंची सारखी आणि दिशाही सारखी असेल तरच कला सारखी.

अंतर आणि तरंगलांबी एकाच मापात आणा

क १५ सेमीवर, ख १.०५ मीटरवर. घाईत १५ मधून १.०५ वजा केलेली वही मी पाहिली आहे. ख १०५ सेमीवर आहे, म्हणून अंतर ९० सेमी. तरंगलांबीही सेमीमध्येच आहे. दोन्ही मीटरमध्ये घेतली तरी चालेल, कारण आपल्याला शेवटी त्यांचा भागाकारच हवा आहे आणि त्यात एकक उडून जातं. फक्त वर एक आणि खाली दुसरं नको.

तरंगलांबी सरळ दिलेली नसेल तर जरा सावध राहायचं. शिखर ते शेजारची दरी हे अंतर अर्धी तरंगलांबी असतं. 'सलग पाच शिखरांमधलं अंतर १६० सेमी' असं दिलं असेल तर पाचाने भागू नका. पाच खांबांमध्ये चारच गाळे असतात, म्हणून तरंगलांबी ४० सेमी. वेग आणि वारंवारता दिली असेल तर वेगाला वारंवारतेने भागलं की झालं.

लगेच २π ने गुणू नका

माझा आग्रह असतो की सूत्रात उडी मारण्याआधी नुसता भागाकार करा आणि तो वाचा.

९० ÷ ४० = २.२५

म्हणजे क आणि ख यांच्यामध्ये सव्वादोन लाटा मावतात. एवढं वाक्य मनात म्हटलं की निम्मं गणित संपलं. एक पूर्ण लाट म्हणजे कलेचा एक पूर्ण फेरा, अमावास्येपासून अमावास्येपर्यंत. दोन पूर्ण फेरे झाले की आपण जिथून निघालो तिथेच येतो. उरला पाव फेरा. पाव फेरा म्हणजे ३६० चा चौथा भाग, ९० अंश, किंवा रेडियनमध्ये π/२.

आता तिचं उत्तर बघा. २.२५ ला २π ने गुणलं की ४.५π येतात. त्यातले ४π म्हणजे दोन पूर्ण फेरे. ते काढले की ०.५π, म्हणजेच π/२. दोन्ही उत्तरं एकाच गोष्टीची आहेत. एकात फेरे मोजलेत, दुसऱ्यात सोडलेत.

मग फेरे केव्हा सोडायचे? दोन बिंदू एका तालात हलतात की विरुद्ध, एवढाच प्रश्न असेल तर सोडून द्या. ढोलताशा पथकात मागच्या रांगेतला गडी दोन पूर्ण आवर्तनं मागे असला तरी टिपरू समेवरच पडतं, ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. पण 'क जी हालचाल आत्ता करतोय तीच ख किती वेळाने करेल' असा प्रश्न असेल तर फेरे ठेवायचे. समजा आवर्तकाल ०.५ सेकंद आहे. खपर्यंत लाट पोचायला २.२५ आवर्तकाल लागतील, म्हणजे १.१२५ सेकंद. वेगाने ताळा करा: ४० सेमी अर्ध्या सेकंदात, म्हणजे वेग सेकंदाला ८० सेमी, आणि ९० ला ८० ने भागलं की १.१२५ च येतात. इथे फेरे सोडून पाव आवर्तकालच धरला असता तर उत्तर ०.१२५ सेकंद आलं असतं आणि लाट नऊपट वेगाने पळाल्यासारखी झाली असती.

पुढे कोण, मागे कोण

९० अंश एवढंच लिहून थांबलात तर उत्तर अर्धवट आहे. लाट उजवीकडे जाते, म्हणजे आधी ककडे येते आणि मग खकडे. क जे करतो ते ख नंतर करतो. म्हणून ख हा कच्या ९० अंश मागे आहे. लाट डावीकडे जात असती तर ख ९० अंश पुढे असता. अंतर तेच, तरंगलांबी तीच, आकडाही तोच, पण नातं उलटं. म्हणून लाटेची दिशा दाखवणारा बाण आकृतीत आधी काढायचा आणि मगच बिंदू मांडायचे.

खात्री करायची असेल तर आकडे घालून बघा. तरंगाचं समीकरण असं धरू, आयाम ३ सेमी:

y = 3 sin 2π(t/0.5 − x/40)

t = ०.१८७५ सेकंद घ्या. असा विचित्र आकडा मी मुद्दाम निवडलाय, कारण त्या क्षणी कसाठी कंसात ०.३७५ − ०.३७५ म्हणजे शून्य येतं. क मधल्या रेषेवर आहे आणि वर निघालाय. खसाठी कंसात ०.३७५ − २.६२५ = −२.२५ येतं. उणे सव्वादोन फेरे म्हणजे उणे पाव फेरा, म्हणजे −९० अंश, आणि साइन −१. ख तळाला, −३ सेमीवर. आता पाव आवर्तकाल, म्हणजे ०.१२५ सेकंद जाऊ द्या. क शिखरावर पोचतो आणि ख मधल्या रेषेवर येऊन वर निघतो. क मघाशी जिथे होता अगदी तिथेच. ख मागे आहे हे डोळ्यांसमोर दिसलं.

हा ताळा मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर करणार असाल तर आधी तो अंशांवर आहे की रेडियनवर ते बघा. २.२५ ला २π ने गुणलं की १४.१३७ येतात. त्याचा साइन रेडियनमध्ये १ आहे. कॅल्क्युलेटर अंशांवर असेल तर ०.२४ दाखवेल. असा कुठलाच अर्थ न लागणारा आकडा आला की भौतिकशास्त्राला दोष देण्याआधी ते बटण तपासायचं.

'९० अंश मागे' आणि '२७० अंश पुढे' हे एकाच स्थितीचं वर्णन आहे. बहुतेक पुस्तकं १८० च्या आतलं उत्तर देतात, म्हणून तुमचं २७० आलं आणि त्यांचं ९० असलं तर आधी पुढे-मागे बघा आणि मग खोडरबर उचला.

अंतर कुठल्या दिशेने मोजायचं

दोरीवर हा प्रश्न येत नाही, कारण दोरीला एकच दिशा असते. पाण्यावर येतो. तलावपाळीला काठावर बसला असाल तर बोट गेल्यावर लाटांच्या रांगा काठाकडे येताना पाहिल्या असतील. बोटीची खरी लाट एकाच तरंगलांबीची नसते, पण समजण्यापुरतं धरू की रांगा सरळ आहेत, एकामागून एक काठाकडे येतात आणि दोन शिखरांमध्ये ६० सेमी आहेत. पाण्यावर दोन रिकाम्या बाटल्या तरंगतायत (तलावपाळीला याचीही कल्पना करावी लागत नाही). बाटल्यांमध्ये ९० सेमी अंतर आहे.

एक बाटली काठाजवळ आणि दुसरी तिच्या सरळ मागे, लाटेच्या वाटेवर असेल, तर ९० ÷ ६० = १.५. एक फेरा सोडला, अर्धा उरला. कलांतर १८० अंश, एक वर तेव्हा दुसरी खाली. आता त्याच बाटल्या काठाला समांतर ठेवा. दोघी लाटेच्या एकाच रांगेवर आहेत, एकदम वर जातात, एकदम खाली येतात. कलांतर शून्य. अंतर अजूनही ९० सेमीच आहे!

म्हणजे सूत्रातला Δx हा पट्टीने मोजलेलं अंतर नाही, तर लाट ज्या दिशेने जाते त्या दिशेने मोजलेलं अंतर आहे. बाटल्यांना जोडणारी रेषा लाटेच्या दिशेशी ६० अंशांचा कोन करत असेल तर ९० ला cos ६० अंशाने, म्हणजे अर्ध्याने गुणायचं. ४५ सेमी. ४५ ÷ ६० = ०.७५, कलांतर २७० अंश. लाट एका ठिकाणाहून गोल पसरत असेल, खडा टाकल्यासारखी, तर उगमापासून पहिला बिंदू किती दूर आणि दुसरा किती दूर ते मोजा, आणि त्या दोन अंतरांमधला फरक घ्या. या फरकाला पुस्तकात पथांतर म्हणतात. पुढे बारावीत प्रकाशाच्या व्यतिकरणात हेच पथांतर पुन्हा भेटतं, सूत्रासकट.

सूत्र चालत नाही ती जागा

हे मी स्वतः तोंडावर पडून शिकलो. शिकवायला सुरुवात केली तेव्हा मुलांना खरी लाट दाखवायची म्हणून सोसायटीच्या गच्चीवर नेलं. कपडे वाळत घालायची चार मीटर दोरी, एक टोक कठड्याच्या हुकाला, दुसरं माझ्या हातात. हलवता हलवता छान दोन फुगे धरले. दोन फुगे चार मीटरमध्ये, म्हणजे तरंगलांबी ४ मीटर. हुकापासून अर्ध्या मीटरवर एक लाल चिंधी आणि दीड मीटरवर दुसरी. अंतर १ मीटर, पाव लाट, कलांतर ९० अंश. फळ्यावर तसं लिहूनही झालं होतं.

चिंध्या मात्र एकदम वर, एकदम खाली. कलांतर शून्य. मग एक चिंधी अडीच मीटरवर नेली. आता दीड आणि अडीच, अंतर पुन्हा १ मीटर, आणि चिंध्या अगदी उलट, कलांतर १८० अंश. ९० काही केल्या दिसेना. एक मुलगा म्हणाला, "सर, दोरी ओली असेल."

दोरी कोरडी होती. हुकाला आपटून लाट परत येत होती, आणि जाणारी व येणारी मिळून स्थिर तरंग तयार झाला होता. स्थिर तरंगात लाट पुढे सरकत नाही. एका फुग्यातले सगळे बिंदू एका कलेत असतात आणि शेजारच्या फुग्यातले बरोबर विरुद्ध. मधलं काहीच नसतं. आपलं सूत्र पुढे सरकणाऱ्या, म्हणजे प्रगामी तरंगासाठी आहे. ओळखायची खूण सोपी आहे: कुठेतरी न हलणारे बिंदू, म्हणजे निस्पंद, दिसले की ते सूत्र बाजूला ठेवायचं आणि मध्ये किती निस्पंद आहेत ते मोजायचं. सम असतील तर शून्य, विषम असतील तर १८०.

दुसरी मर्यादा लहान आहे. वाटेत माध्यम बदललं, उदाहरणार्थ पातळ दोरीला जाड दोरी बांधली, तर तरंगलांबी बदलते. तेव्हा प्रत्येक तुकड्यातल्या लाटा वेगळ्या मोजून बेरीज करायची. सगळ्या अंतराला एकाच तरंगलांबीने भागायचं नाही.

आवाजावर करून बघताना

कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन मायक्रोफोन आणि दोन वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप मिळत असेल तर कलांतर डोळ्यांनी बघता येतं. स्पीकरमधून ५०० हर्ट्झचा एकसारखा सूर सोडा आणि दोन्ही मायक्रोफोन स्पीकरच्या सरळ रेषेत ठेवा. आता तरंगलांबी हवी, आणि इथे मुलं डोळे झाकून आवाजाचा वेग ३४० घेतात. ३४० मीटर प्रति सेकंद हा साधारण १४-१५ अंश सेल्सिअसचा आकडा आहे. ठाण्यातल्या वर्गात पंखा लावूनही ३० अंश असतात, आणि तेव्हा वेग सुमारे ३४९ असतो. म्हणजे तरंगलांबी जवळपास ७० सेमी, ६८ नव्हे.

दोन सेमीने काय बिघडतं? मायक्रोफोन ३५ सेमी अंतरावर असतील तर फारसं काही नाही: ७० धरले तर १८० अंश, ६८ धरले तर १८५. पण तेच मायक्रोफोन ३.५ मीटर अंतरावर नेले तर ७० च्या हिशोबाने बरोबर पाच लाटा मावतात आणि कलांतर शून्य येतं. ६८ च्या हिशोबाने ५.१५ लाटा, म्हणजे सुमारे ५३ अंश. तरंगलांबीतली चूक प्रत्येक लाटेमागे थोडी थोडी साठत जाते आणि पूर्ण फेरे सोडले तरी ती उरलेल्या तुकड्यात येऊन बसते. अंतर जितक्या जास्त लाटांचं, तितकी तरंगलांबी काटेकोर हवी.

ऑसिलोस्कोप X-Y पद्धतीवर ठेवा आणि दोन्ही वाहिन्यांची उंची सारखी करून घ्या. मायक्रोफोन शेजारी शेजारी असताना पडद्यावर एक तिरकी रेषा दिसेल, कलांतर शून्य. एक मायक्रोफोन हळूहळू मागे न्या. रेषा फुगून लंबवर्तुळ होते, साडेसतरा सेमीच्या आसपास वर्तुळ होतं, ते ९० अंश. आणखी मागे नेलं की पुन्हा रेषा, पण उलट्या बाजूला कललेली. ते १८०. मायक्रोफोन जितका दूर न्याल तितका त्याचा आवाज बारीक होतो, म्हणून मधेमधे त्या वाहिनीची उंची वाढवून घ्यावी लागते. ती राहिली तर वर्तुळाच्या जागी चपटा आकार दिसतो आणि मुलांना वाटतं कलांतर चुकलं.

खोली रिकामी आणि भिंती टणक असतील तर गच्चीवरच्या दोरीचीच गत होते, आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि आकृती नीट सरकत नाही. मायक्रोफोन स्पीकरच्या जवळ ठेवले आणि मागच्या भिंतीला जाड चादर लटकवली की बरंच सुधारतं. मग पहिल्यासारखीच रेषा पुन्हा दिसेपर्यंत मायक्रोफोन मागे नेत राहा आणि तिथे पट्टी लावा. तेवढं अंतर म्हणजे त्या दिवसाची, त्या खोलीतली तुमची तरंगलांबी. पुढच्या सगळ्या भागाकारांत तीच घ्या.